ग्लायसीनपासून ग्लायसिलग्लायसीन: सहा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींचा प्रकल्प माझ्याकडे होता. सगळ्यात साधं अमिनो आम्ल, म्हणजे ग्लायसीन, घ्यायचं, त्याचे दोन रेणू पेप्टाइड बंधाने जोडून ग्लायसिलग्लायसीन करायचं आणि तो बंध झाला हे आपल्याच साधनांनी दाखवायचं, एवढं ठरलं होतं. ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. जिथे चुकलो तिथे जास्त लिहिलं आहे.

6 जानेवारी

ग्लायसीन 0.75 ग्रॅम तोलून 100 मिली पाण्यात विरघळवलं, म्हणजे 0.1 M द्रावण. ते आम्ल आहे, तेव्हा 0.1 M NaOH ने टायट्रेशन करून किती आहे ते मोजू, असा मुलींचा विचार होता. मी मुद्दाम अडवलं नाही. 20 मिली द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेट सोडली.

हिशेबाने 20 मिली NaOH लागायला हवं होतं. 3 मिलीलाच फिकट गुलाबी रंग आला. 4 मिलीला तो थोडा गडद झाला, 5 ला आणखी. शेवटचा बिंदू कुठेच पकडता येईना. दोघींचे आकडे 3.2 आणि 4.6 आले, तिसऱ्या वेळी 3.9. द्रावण चुकलं असेल म्हणून नवं करण्यात दुपार गेली. नव्यातही तेच झालं.

द्रावण बरोबरच होतं. आपण ज्या आम्लाला मोजायला गेलो ते तिथे नव्हतं. पुस्तकात ग्लायसीन H₂N–CH₂–COOH असं छापतात, पण पाण्यात असा रेणू लाखांत एखादाच असतो. बाकी सगळ्यांत कार्बॉक्सिल गटाचा प्रोटॉन आधीच अमिनो गटाकडे गेलेला असतो: ⁺H₃N–CH₂–COO⁻. एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण, बेरीज शून्य. हाच झ्विटरआयन. आपला NaOH जो प्रोटॉन काढत होता तो COOH चा नव्हता, NH₃⁺ चा होता. तो अमोनियमसारखा घट्ट धरलेला असतो आणि 9.6 च्या आसपास pH गेल्यावर त्यातले निम्मे सुटतात. फिनॉल्फ्थॅलिन त्याच्या कितीतरी आधी रंग धरायला लागतं. pH 9 ला जेमतेम पाचवा हिस्सा प्रोटॉन निघालेले असतात, म्हणजे 20 पैकी 4 मिली. आमचे आकडे त्याच्याच भोवती फिरत होते.

8 जानेवारी

आज फॉर्मॉल टायट्रेशन. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात हे असतं आणि बहुतेक मुलं ते पाककृतीसारखं करून मोकळी होतात. ग्लायसीनच्या द्रावणात फॉर्माल्डिहाइड टाकलं की ते अमिनो गटाला चिकटतं आणि त्या नायट्रोजनची प्रोटॉन धरून ठेवण्याची ताकद घटते. मग तोच प्रोटॉन फिनॉल्फ्थॅलिनच्या टप्प्यात सुटतो.

20 मिली ग्लायसीन, 10 मिली फॉर्मॅलिन. रंग एका थेंबात बदलला, सुरेख. पण आकडा आला 22.3 मिली. दुसरा 22.2. इतके जवळजवळ आकडे पाहून मुली खूश झाल्या, मी मात्र बाटलीकडे पाहिलं. फॉर्मॅलिन जुनं होतं, आणि जुन्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार झालेलं असतं. 10 मिली फॉर्मॅलिन वेगळं घेऊन टायट्रेट केलं तर त्यालाच 2.2 मिली NaOH लागलं. फॉर्मॅलिन आधी फिनॉल्फ्थॅलिन टाकून फिकट गुलाबी होईपर्यंत उदासीन करून घेतलं आणि पुन्हा केलं: 20.1, 20.0, 20.1. हे काम खिडकीशी करा. आम्ही टेबलाच्या मधोमध केलं आणि डोळे चुरचुरत घरी गेलो.

13 जानेवारी

आता pH मीटर. 4.00, 7.00 आणि 9.20 च्या गोळ्यांचे बफर करून तिन्हींवर मीटर लावून घेतला. 20 मिली ग्लायसीन एका बीकरमध्ये NaOH ने आणि 20 मिली दुसऱ्यात 0.1 M HCl ने, अर्ध्या-अर्ध्या मिलीने.

अल्काची बाजू सरळ गेली. 10 मिलीला, म्हणजे निम्मे प्रोटॉन काढल्यावर, pH 9.62. हा अमिनो टोकाचा pK. पुस्तकांत 9.60 असतो, काही तक्त्यांत 9.78, तेव्हा आम्ही ठीक होतो.

शुद्ध ग्लायसीनच्या द्रावणाचा pH वाचतानाच मीटर थाऱ्यावर राहीना. 5.7, 5.9, 6.1 असा फिरत राहिला. मीटर बिघडला म्हणून प्रयोगशाळेतल्या मामांनी इलेक्ट्रोड धुऊन, पुसून, पुन्हा बसवून दिला. दोष त्याचा नव्हता. इथे HCl चा एक थेंब टाकला की pH सहावरून पाचापर्यंत खाली येतो, कारण या जागी ग्लायसीनकडे थोपवण्याची ताकद जवळजवळ नाही. त्याची दोन्ही टोकं भरलेली आहेत, आणि प्रोटॉन घ्यायचा किंवा द्यायचा तर pH बराच खाली किंवा वर जावा लागतो. म्हणून समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या pH ला रेणूवरच्या भारांची बेरीज शून्य होते तो, मीटरवर थेट वाचायच्या भानगडीत पडू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा तो आकडा हलवतो. दोन्ही बाजूंचे pK काढा आणि सरासरी घ्या.

16 जानेवारी

आम्लाच्या बाजूला 10 मिली HCl वर pH 2.45 मिळाला होता. पुस्तकात 2.34. फरक थोडासाच, पण तीनदा केलं तरी 2.44 ते 2.46 च. चूक एकाच बाजूला जात असेल तर ती हाताची नसते.

HCl चा प्रत्येक थेंब ग्लायसीनच्या COO⁻ वर जातो असं आम्ही धरलं होतं. पण pH 2.45 म्हणजे पाण्यात मोकळे प्रोटॉनही बरेच आहेत, आणि तेही त्याच HCl मधून आलेले. हे मोजायला एक बीकर नुसत्या पाण्याचा केला. 29 मिली पाण्याचा pH 2.45 वर आणायला 1.1 मिली HCl लागलं. म्हणजे 10 मिलीपैकी 8.9 मिलीच ग्लायसीनला लागू झालं होतं. 20 मधले 8.9 प्रोटॉन धरलेले, 11.1 न धरलेले. 8.9 भागिले 11.1 याचा लॉग उणे 0.10, तो 2.45 मध्ये मिळवला की 2.35.

समविद्युत बिंदू, म्हणजेच pI = (2.35 + 9.62) / 2 = 5.99. पुस्तकातलं मूल्य 5.97.

NaOH च्या बाजूला ही दुरुस्ती लागत नाही. 9.6 ला मोकळे OH⁻ इतके थोडे असतात की ब्युरेटला ते दिसणार नाहीत.

20 जानेवारी

समविद्युत बिंदू डोळ्यांनी पाहायचा होता. विद्युतक्षेत्रात ठेवलं तर त्या pH ला ग्लायसीन कुठेच जायला नको. कागदी इलेक्ट्रोफोरेसिसची टाकी कॉलेजात होती, कित्येक वर्षं न उघडलेली. व्हॉटमन 1 ची 30 सेंमीची पट्टी, pH 6.0 चा 0.05 M फॉस्फेट बफर, 200 व्होल्ट, दीड तास. मध्यरेषेवर तीन ठिपके: अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लायसीन, लायसीन.

पट्टी वाळवली, मोकळ्या अमिनो गटाला जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारलं, ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर काढली तर सगळीकडे जांभळे ठसे. आमच्याच बोटांचे. घामातही अमिनो आम्लं असतात आणि निनहायड्रिन ती सोडत नाही. ठसे आणि ठिपके वेगळे करता येईनात. दिवस वाया गेला. निनहायड्रिनची 10 ग्रॅमची बाटली आमच्या खर्चातली सगळ्यात महाग वस्तू होती, साडेसहाशे रुपये.

21 जानेवारी

हातमोजे घालून, पट्टी फक्त टोकांना चिमट्याने धरून पुन्हा. या वेळी स्वच्छ आलं. अ‍ॅस्पार्टिक आम्ल धन टोकाकडे 4.2 सेंमी, लायसीन ऋण टोकाकडे 6.5 सेंमी. अ‍ॅस्पार्टिकचा pI 2.77, म्हणून pH 6 ला तो ऋणभारित. लायसीनचा 9.74, म्हणून धनभारित. दिशा बरोबर होत्या.

पण ग्लायसीन जागेवर नव्हतं. ऋण टोकाकडे 1.1 सेंमी सरकलं होतं. pI 5.99 काढून बसलेल्या मुलींना हे लागलं. एकीने लगेच विचारलं, "मॅडम, मग आपला आकडा चुकला का?"

चुकला नव्हता. कागदाच्या तंतूंवर स्वतःचे ऋण भार असतात, त्यांच्याभोवतीच्या पाण्यात धन आयन जास्त जमतात, आणि विद्युतक्षेत्र लावलं की ते आयन पाण्यालाच ऋण टोकाकडे ओढत नेतात. ग्लायसीन त्या वाहत्या पाण्यावर बसून गेलं. पडताळायला दुसऱ्या पट्टीवर ग्लुकोज लावलं, ज्याला भार नाहीच. त्याला निनहायड्रिन लागत नाही, म्हणून ती पट्टी अ‍ॅनिलिन थॅलेटने फवारून तापवली. तपकिरी ठिपका ऋण टोकाकडे 1.0 सेंमीवर. शून्याची रेषा मध्यावर नसून तिथे आहे. तिथून मोजलं तर ग्लायसीन जवळजवळ हललेलंच नाही. ग्लुकोजची पट्टी लावल्याशिवाय हा प्रयोग करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

27 जानेवारी

आता जोडायचं. कागदावर सोपं आहे: एकाच्या COOH मधला OH, दुसऱ्याच्या NH₂ मधला H, पाणी बाहेर, CO–NH तयार. मुलींनी विचारलं, नुसतं तापवलं तर पाणी निघून जाणार नाही का? कोरड्या परीक्षानळीत अर्धा ग्रॅम ग्लायसीन घेऊन तापवलं.

बराच वेळ काहीच होत नाही. 75 रेणुभाराचा पदार्थ इतका वेळ घन कसा राहतो, हे बघण्यासारखं आहे. स्फटिकातही रेणू झ्विटरआयनच असतात, एकाचा धन शेजाऱ्याच्या ऋणाला बांधलेला, मिठासारखा. मग 230 अंशांच्या वर अचानक तपकिरी झालं, फसफसलं. नळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस निळा झाला, म्हणजे अमोनिया सुटतोय. ग्लायसीन वितळलं नाही, मोडलं. उरला तो काळा डिंकासारखा थर नळीतून खरवडून निघेना, नळी टाकून दिली.

मग फळ्यापाशी थोडा वेळ बसलो. बंध व्हायचा तर अमिनो गटाच्या नायट्रोजनकडे मोकळी इलेक्ट्रॉन जोडी हवी, म्हणजे तो NH₂ असायला हवा. NH₃⁺ ची जोडी प्रोटॉनमध्ये अडकलेली. आणि कार्बॉक्सिलच्या कार्बनने ती जोडी स्वीकारायला हवी, म्हणजे तो COOH हवा. COO⁻ वर आधीच ऋण भार, तो दुसरी जोडी घेणार नाही. आम्ल टाकून COOH केलं तर अमिनो टोक NH₃⁺ राहतं. अल्क टाकून NH₂ केलं तर दुसरं टोक COO⁻ राहतं. आणि मधे, समविद्युत बिंदूपाशी, दोन्ही टोकं एकाच वेळी बंद. ग्लायसीनचं द्रावण कितीही उकळलं तरी पेप्टाइड का होत नाही, ते याच दोन pK मध्ये आहे. शिवाय भोवती पाणीच पाणी असताना पाणी बाहेर टाकणारी क्रिया पुढे सरकत नाही, ते वेगळं.

30 जानेवारी

मार्ग जुनाच घेतला. एमिल फिशर आणि फुर्नो यांनी 1901 मध्ये ग्लायसिलग्लायसीन असंच मिळवलं होतं: ग्लायसीनच्या दोन रेणूंचं कडं, म्हणजे डायकीटोपिपरॅझिन, घ्यायचं आणि ते एका जागी उघडायचं. त्यांनी कडं एस्टरपासून केलं होतं. आम्ही इथिलीन ग्लायकॉलमध्ये ग्लायसीन तापवायचं ठरवलं. ग्लायकॉल 197 अंशांना उकळतं, म्हणून पाणी निघून जाईल इतकं तापवता येतं. त्यात पाण्यासारखं आयनांना सांभाळून घेणं होत नाही, आणि त्याचे OH गट कार्बॉक्सिलशी एस्टर करू शकतात. एस्टर झाला की त्या टोकाचा ऋण भार गेला. आता प्रोटॉन धरून ठेवायला तिथे COO⁻ नाही, अमिनो टोक मोकळं होऊन शेजारच्या एस्टरवर जाऊ शकतं. आपल्या पेशीतही प्रथिन बनताना अमिनो आम्ल ते वाहून आणणाऱ्या tRNA ला एस्टरनेच जोडलेलं असतं आणि त्यासाठी ATP खर्च होतो. कार्बॉक्सिल टोकाला आधी तयार करावं लागतं, हे तिथेही चुकत नाही.

5 ग्रॅम ग्लायसीन, 25 मिली ग्लायकॉल, तेलाची अंघोळ. 150 अंशांवर अर्धा तास, ग्लायसीन तळाशी तसंच. आच वाढवली. तेलातला थर्मामीटर 175 दाखवत होता म्हणून निश्चिंत होतो, पण तो बर्नरपासून लांबच्या कडेला होता. फ्लास्कमधलं द्रावण पाहता पाहता कॉफीसारखं झालं. आत थर्मामीटर घातला तेव्हा 192. थंड केल्यावर काळपट चिकट गाळ, स्फटिक नाहीत. 5 ग्रॅम ग्लायसीन आणि चार तास गेले.

3 फेब्रुवारी

या वेळी थर्मामीटर फ्लास्कच्या आत, फुगा द्रावणात बुडालेला. 10 ग्रॅम ग्लायसीन, 50 मिली ग्लायकॉल, सतत ढवळणं. 173 ते 176 मध्ये 45 मिनिटं. साधारण वीस मिनिटांनी पांढरं घन विरघळत गेलं आणि द्रावण मधाच्या रंगाचं झालं. त्याहून गडद होऊ लागलं तर आच काढा. फ्लास्कच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमताना दिसतात. तेच बंधातून निघालेलं पाणी, मुलींनी त्याचा फोटो घेतला.

रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तळाशी तपकिरी झाक असलेले स्फटिक. गाळून, थंड मिथेनॉलने धुऊन 3.9 ग्रॅम.

5 फेब्रुवारी

हे ग्लायसीनच परत आलं नाही ना, हे आधी पाहायचं. कड्यात दोन्ही अमिनो गट बंधात गुंतलेले असतात, मोकळा एकही नाही, म्हणून निनहायड्रिनला रंग यायला नको. कच्च्या मालाचा ठिपका चांगलाच जांभळा आला. निराशा. पण 40 मिली उकळत्या पाण्यात विरघळवून, चिमूटभर कोळसा टाकून, गरम गाळून थंड केल्यावर पांढरे स्फटिक आले. ते बर्फाच्या थोड्या पाण्याने दोनदा धुतले तेव्हा ठिपका जवळजवळ कोरा राहिला. उरलेलं ग्लायसीन थंड पाण्यात सहज जातं, कडं जात नाही. ह्याच फरकाने ते सुटलं.

वाळल्यावर 2.9 ग्रॅम. 10 ग्रॅमपासून जास्तीत जास्त 7.6 मिळाले असते, म्हणजे 38 टक्के. वितळणबिंदू काढायचा आग्रह धरू नका. तो 300 च्या वर आहे, कॉलेजच्या पॅराफिनच्या नळीत निघणार नाही.

9 फेब्रुवारी

कड्यात दोन पेप्टाइड बंध आहेत. त्यातला एक तोडला की उरतो तो दोन ग्लायसीनचा सरळ रेणू. 1 ग्रॅम कडं 9 मिली 1 M NaOH मध्ये टाकलं. अल्क जवळजवळ मोजून घ्यायचं, एका रेणूला एकच OH⁻. बंध तुटून COO⁻ तयार होताना तो वापरला जातो. ढवळत राहिलो, पंधरा मिनिटांत सगळं विरघळलं, pH हळूहळू उतरला आणि अर्ध्या तासाने थांबला.

आता ते बाहेर काढायचं. इथे समविद्युत बिंदू पुन्हा कामाला आला. ग्लायसिलग्लायसीनचा तो 5.6 च्या आसपास. त्या pH ला रेणूची बेरीज शून्य होते, सोडियम क्षाराच्या रूपात तो पाण्यात अडकून राहत नाही, आणि अल्कोहोल टाकलं की बाहेर पडतो. HCl ने pH 5.6 वर आणला, तिप्पट इथेनॉल टाकलं, बर्फात ठेवलं. भरपूर पांढरं पडलं.

वाळवून तोललं: 1.41 ग्रॅम. 1 ग्रॅमपासून जास्तीत जास्त 1.16 ग्रॅम मिळू शकतं. शंभरपेक्षा जास्त टक्के उतारा आला की आनंद करायचा नसतो. चिमूटभर पाण्यात विरघळवून नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर दह्यासारखा पांढरा साका. मीठ. NaOH आणि HCl मधून झालेलं अर्धा ग्रॅम सोडियम क्लोराइड, जे इथेनॉलमध्ये विरघळत नाही, तेही स्फटिकांबरोबर खाली आलं होतं.

12 फेब्रुवारी

HCl ऐवजी अ‍ॅसिटिक आम्ल. सोडियम अ‍ॅसिटेट पाणी मिसळलेल्या इथेनॉलमध्ये बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून ते गाळणीतून खाली जाईल असा हिशेब. 1.5 ग्रॅम कडं, 13.5 मिली 1 M NaOH, अर्धा तास. मग अ‍ॅसिटिक आम्ल थेंबाथेंबाने. pH 8 च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो, तिथे कंटाळून जास्त ओतू नका, 7 च्या खाली तो भरभर येतो. 5.6 ला थांबलो. 45 मिली इथेनॉल, रात्रभर फ्रीज, सकाळी चकचकीत पत्र्यांसारखे बारीक स्फटिक. 80 टक्के इथेनॉलने दोनदा धुतले.

1.18 ग्रॅम. शक्य होतं 1.74, म्हणजे 68 टक्के. निनहायड्रिनला पुन्हा जांभळा रंग, कारण अमिनो टोक आता मोकळं झालं.

14 फेब्रुवारी

पेप्टाइड बंधाची चाचणी म्हटलं की बाययुरेट, हे मुलींच्या डोक्यात पक्कं. NaOH, मग 1 टक्का कॉपर सल्फेटचे थेंब. अंड्याच्या पांढऱ्याला जांभळा रंग आला. आमच्या पदार्थाला निळा. ग्लायसीनलाही निळा. दोघींचे चेहरे उतरले.

मला हे आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. त्या जांभळ्या रंगासाठी तांब्याला एकाच रेणूत निदान दोन पेप्टाइड बंध हवेत, त्यांचे नायट्रोजन मिळून त्याला धरतात. दोन अमिनो आम्लांच्या रेणूत बंध एकच. बाययुरेट इथे नाही म्हणणारच, बंध असला तरी. दुधाला, डाळीला ही चाचणी चालते म्हणून ती प्रत्येक पेप्टाइडला चालेल असं नाही.

17 फेब्रुवारी

मग पुरावा कसला द्यायचा? परत pH मीटरकडे गेलो. 0.264 ग्रॅम पदार्थ 20 मिली पाण्यात. हे ग्लायसिलग्लायसीन (रेणुभार 132) असेल तर 0.1 M NaOH 20 मिली लागेल. ग्लायसीन असेल तर 35 मिली. दोन ग्लायसीनमागे आता एकच मोकळं अमिनो टोक उरलं आहे, दुसरं बंधात गेलं आहे, म्हणून.

आलेखाचा चढ 19.4 मिलीला सर्वात तीव्र. त्यावरून रेणुभार 136. थोडा ओलावा किंवा अ‍ॅसिटेट राहिलं असणार, पण 75 पासून हे फार लांब आहे.

आणि निम्म्यावर, 9.7 मिलीला, pH 8.13. ग्लायसीनला तिथे 9.62 आला होता. दीड एककाची घसरण. ग्लायसीनमध्ये NH₃⁺ च्या अगदी शेजारी COO⁻ बसलेला असतो, त्याचा ऋण भार प्रोटॉनला जायला सोपं होऊ देत नाही. आता शेजारी आहे पेप्टाइड बंधाचा C=O, ज्याला भार नाही आणि जो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. प्रोटॉन लवकर सुटतो. दुसऱ्या 0.264 ग्रॅमवर HCl ची बाजूही केली, 16 जानेवारीचा पाण्याचा बीकर न विसरता: pK 3.12, ग्लायसीनच्या 2.35 च्या वर. कार्बॉक्सिल टोकापासून धन भार दूर गेल्यामुळे तो प्रोटॉन आता थोडा घट्ट धरला जातो. दोन्ही pK एकमेकांकडे सरकले, आणि त्यांची सरासरी 5.63. बारा तारखेला स्फटिक काढताना पुस्तकावर विश्वास ठेवून 5.6 ला थांबलो होतो, ते आता आमच्याच आकड्यांनी जुळलं.

18 फेब्रुवारी

हिशेब. ग्लायसीन 500 ग्रॅमची बाटली 480 रुपये, त्यातलं पाव किलोही संपलं नाही. इथिलीन ग्लायकॉल 350, निनहायड्रिन 650, लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक मिळून 900. फोडलेल्या दोन परीक्षानळ्या आणि एक काळा झालेला फ्लास्क कॉलेजच्या खात्यावर. वेळ साडेपाच-सहा आठवडे, त्यातले निदान आठ दिवस वर लिहिलेल्या चुकांत. पुन्हा करायचं झालं तर दोन आठवडे पुरतील.

दोन टायट्रेशनला वापरून उरलेलं 0.65 ग्रॅम ग्लायसिलग्लायसीन लहान बाटलीत बंद करून, तारीख घालून कपाटात ठेवलं आहे. मिठाची भेसळ झालेला 1.41 ग्रॅमचा पहिला लॉटही टाकला नाही. त्यातलं क्लोराइड कसं काढायचं हे पुढच्या वर्षीच्या मुलींना देणार आहे.